जेवणाआधीच्या शुगरवरून जेवणाच्या इन्सुलिनचा डोस कसा बदलायचा

बेसल-बोलस सुरू करताना डॉक्टर साधारण असं लिहून देतात: रात्री एकदा लांब टिकणारं इन्सुलिन, आणि नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण या तिन्हींच्या आधी लवकर काम करणारं इन्सुलिन. दर जेवणाआधी शुगर तपासा, असंही सांगतात. नवीन माणूस इमानेइतबारे बोट टोचतो, आकडा वहीत लिहितो, आणि त्या आकड्याचं करायचं काय हे नीट न कळल्यामुळे रोज तोच डोस घेत राहतो. काही जण उलट करतात. आकडा जास्त दिसला की अंदाजाने चार युनिट वाढवतात, कमी दिसला की इंजेक्शनच टाळतात. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा.

जेवणाआधीचा आकडा दोन वेगळी कामं करतो आणि ती वेगळी ठेवली की बराचसा गोंधळ मिटतो. पहिलं काम आत्ताचं: या जेवणाच्या डोसमध्ये थोडी भर घालायची की थोडी कपात करायची, हे तो सांगतो. दुसरं काम मागचं: या आधीच्या जेवणाला घेतलेला डोस पुरला की नाही, याचा निकाल तो देतो. पहिलं काम दर जेवणाला, दोन मिनिटांत होतं. दुसऱ्यासाठी तीन-चार दिवसांचे आकडे एकत्र लागतात, आणि ते डॉक्टरांशी बोलूनच करायचं.

खालची सगळी उदाहरणं समजण्यासाठी आहेत. त्यातले युनिट तुमचे नाहीत. गरोदरपण, किडनीचा आजार, वाढतं वय, लहान मूल, यातलं काहीही असेल तर शुगर कितीवर ठेवायची इथपासूनच गणित बदलतं.

आधी दोन इन्सुलिनांची वाटणी

बेसल म्हणजे ग्लार्जिन, डेग्लुडेक अशी इन्सुलिनं. तुम्ही काहीही खाल्लं नाही तरी लिव्हर दिवसरात्र रक्तात साखर सोडत असतं. ती सांभाळणं एवढंच बेसलचं काम. बोलस म्हणजे अस्पार्ट, लिस्प्रो, ग्लुलिसिन. त्यांच्याकडे जेवणातून येणारी साखर असते. टोचल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ती काम सुरू करतात, एक-दोन तासांत जोरात असतात आणि साधारण चार तासांत ओसरतात. हा चार तासांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

स्वस्त पडतं म्हणून आपल्याकडे बरेच जण बोलससाठी रेग्युलर इन्सुलिन घेतात. त्यावरही दिवस नीट निघतात, पण ते जेवणाआधी अर्धा तास घ्यावं लागतं आणि सहा-आठ तास रेंगाळतं. पुढची उदाहरणं लवकर काम करणाऱ्या इन्सुलिनची आहेत. तुमचं रेग्युलर असेल तर तक्ता डॉक्टरांकडून वेगळा करून घ्या.

आकडा खरा आहे ना?

डोस आकड्यावर ठरणार असेल तर आकडा धड असला पाहिजे. हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा किंवा केळं सोलल्यावर बोटाला लागलेला रस मीटरला रक्तातली साखर वाटतो आणि नसलेली शुगर दिसते. स्पिरिटपेक्षा साबण-पाणी बरं. स्पिरिट लावलंच तर ते पूर्ण उडून जाऊ द्या. स्ट्रिपची डबी लगेच बंद करा, कारण दमट हवेत स्ट्रिप बिघडतात आणि कोकणातल्या पावसाळ्यात तर फार लवकर.

तपासणी जेवणाच्या अगदी आधी, इंजेक्शन घेण्यापूर्वी करायची. चहा-बिस्किट होऊन अर्धा तास झालेला असताना घेतलेला आकडा जेवणाआधीचा धरता येत नाही. त्यात बिस्किटाची साखर चढत असते.

मीटरकडून फार बारीक अपेक्षाही नको. चांगल्या मीटरमध्येही आकडा खऱ्या शुगरपेक्षा पंधरा टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असू शकतो. १४० आणि १५५ यात फरक शोधत बसू नका. पण मीटर ६५ दाखवत असेल आणि तुम्हाला काहीच होत नसेल, तरी तो खरा मानून चाला. शंका आली तर हात धुऊन पुन्हा तपासा.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एवढंच: इथले आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. ब्रिटनसारख्या देशांत मीटर मिलिमोलमध्ये मोजतो. तुमचा आकडा १८ ने गुणला की इथला आकडा मिळेल.

डोसचे दोन भाग

जेवणाआधी तुम्ही जे युनिट घेता त्यात दोन भाग असतात. एक भाग जेवणाचा, म्हणजे पानात जे आहे त्यासाठी. दुसरा दुरुस्तीचा, ज्याला दवाखान्यात करेक्शन म्हणतात, म्हणजे जेवायला बसतानाच शुगर चढलेली असेल तर ती खाली आणण्यासाठी. दोन्हींची बेरीज एकाच इंजेक्शनमध्ये जाते.

इथेच नवीन माणसाची सर्वांत मोठी गफलत होते. आकडा ११० येतो, माणूस खूश होतो आणि म्हणतो, "शुगर नॉर्मल आहे, मग इन्सुलिन कशाला?" आणि जेवून घेतो. तीन तासांनी शुगर २८०. आकडा नॉर्मल असला तर शून्य होतो तो दुरुस्तीचा भाग. जेवणाचा भाग जसाच्या तसा लागतो, कारण पोळी-भात अजून पोटात जायचाच आहे. हॉस्पिटलमध्ये कधी दाखल झाला असाल तर तिथला "शुगर इतकी तर इतके युनिट, कमी तर काही नको" असा तक्ता डोक्यात बसलेला असतो. तो स्लायडिंग स्केल. घरच्या बेसल-बोलसला तो तसाच्या तसा लावायचा नाही.

याची दुसरी बाजूही आहे. जेवणार नसाल तर जेवणाचा भाग घ्यायचा नाही, मात्र बेसल चालू राहतं. फक्त "उपवास" या शब्दावर जाऊ नका. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, बटाट्याची भाजी, राजगिऱ्याचा लाडू असा उपवास नेहमीच्या जेवणापेक्षा साखरेला जड पडू शकतो, आणि त्याला बोलस लागतो. संकष्टीला चंद्रोदयानंतर नऊ-साडेनऊला जेवणार असाल तर रात्रीचा बोलसही तेव्हाच. रोजची साडेआठची वेळ झाली म्हणून टोचून चंद्राची वाट बघत बसणं म्हणजे शुगर उतरण्याला आमंत्रण.

जेवणाचा भाग सुरुवातीला डॉक्टर ठरावीक देतात, समजा सहा युनिट. त्यामागे एक गृहीत असतं: जेवण रोज साधारण तेवढंच असेल. तीन फुलके आणि अर्धी वाटी भात याला सहा युनिट बसवले असतील तर दोन पुरणपोळ्यांना ते पुरणार नाहीत. पानातली पिष्टमय पदार्थांची मात्रा मोजून डोस काढणं ही पुढची पायरी. ती शिकेपर्यंत जेवण शक्य तितकं सारखं ठेवा, नाहीतर वहीतला आकडा डोसबद्दल बोलतोय की पुरणपोळीबद्दल, हे तुम्हालाच कळणार नाही.

दुरुस्तीचा तक्ता कुठून येतो

एक उदाहरण घेऊ. समजा, शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आहेत. वजन ६० किलो. रात्री दहाला ग्लार्जिन १८ युनिट आणि तिन्ही जेवणांना अस्पार्ट सहा-सहा युनिट. दिवसभराचं एकूण इन्सुलिन झालं ३६.

लवकर काम करणाऱ्या इन्सुलिनसाठी एक ठोकताळा वापरतात: १८०० ला दिवसभराच्या एकूण युनिटनी भागायचं. १८०० भागिले ३६ म्हणजे ५०. याचा अर्थ, एक युनिट त्यांची शुगर अंदाजे ५० ने खाली आणेल. रेग्युलर असेल तर १८०० ऐवजी १५०० धरतात. हा ठोकताळाच आहे. डॉक्टर त्यावरून सुरुवात करतात आणि तुमच्या वहीवरून तो तुमच्यापुरता सुधारतात. ज्यांना दिवसाला ९० युनिट लागतात त्यांची शुगर एका युनिटने जेमतेम २० उतरते. म्हणूनच शेजाऱ्याचा तक्ता आपल्याला चालत नाही.

बाईंना जेवणाआधी १२० च्या आसपास आणायचं ठरलं. डॉक्टरांनी दिलेला तक्ता असा:

| जेवणाआधीचा आकडा | जेवणाच्या ६ युनिटमध्ये बदल |
|---|---|
| ७० च्या खाली | आधी साखर, मग जेवण. डोस खाली सांगितल्याप्रमाणे |
| ७० ते ९० | एक युनिट कमी |
| ९१ ते १५० | बदल नाही |
| १५१ ते २०० | एक युनिट जास्त |
| २०१ ते २५० | दोन युनिट जास्त |
| २५१ ते ३०० | तीन युनिट जास्त |

३०० च्या वर काय करायचं हे तक्त्यात मुद्दाम नाही. तिथे आधी कारण शोधायचं असतं. ते शेवटी पाहू.

आता दुपारचा दीड वाजलाय. आकडा आला २१२. अपेक्षेपेक्षा ९२ जास्त. ५० ने भागलं तर जवळजवळ दोन, आणि तक्ताही दोनच सांगतो. जेवणाचे सहा आणि दुरुस्तीचे दोन, मिळून आठ युनिट. टोचून दहा-पंधरा मिनिटांनी जेवायला बसायचं. एवढंच. वहीत मात्र नुसते "८" लिहू नका, "६+२" लिहा. महिन्याभराने वही चाळताना हा अधिकचा दोन किती वेळा आणि कुठल्या जेवणाला येतो, हे बघायला लागणार आहे.

आकडा ७० च्या खाली असेल तर

इन्सुलिनचा विचार बाजूला. पंधरा ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे चहाचे तीन सपाट चमचे, पाण्यात ढवळून प्या. पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा तपासा. अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा. पेढा, चॉकलेट किंवा पोळीचा तुकडा इथे उपयोगाचा नाही. तूप-तेलामुळे आणि पचनाला लागणाऱ्या वेळामुळे त्यांची साखर रक्तात उशिरा पोचते, आणि तोवर तुम्ही घाबरून अख्खा डबा संपवलेला असतो. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असेल तर साधी साखर लवकर पचत नाही, ग्लुकोज पावडरच घ्या. माणूस गुंगीत असेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही. थेट दवाखाना.

आकडा ७० च्या वर आला की जेवा. त्या जेवणाचा बोलस पूर्ण सोडायचा नसतो. बऱ्याचदा डॉक्टर एक-दोन युनिट कमी करून, आणि जेवण सुरू केल्यावर घ्यायला सांगतात. तुमच्यासाठी नेमकं काय, हे तक्ता घेतानाच विचारून त्यावर लिहून घ्या. हात थरथरत असताना फोन लावून विचारणं जमत नाही.

डोसवर डोस चढवू नका

दुपारी दीडला आठ युनिट घेतले. साडेतीनला सहज तपासलं तर २३०. मन म्हणतं, तक्त्यात दोन युनिट लिहिलेत, घेऊन टाकू. नको. दीडला टोचलेल्या इन्सुलिनचं निम्मं काम अजून शिल्लक आहे, आणि जेवणानंतर दोन तासांनी शुगर वर असणं अपेक्षितच आहे. त्यावर आणखी दोन घेतले तर साडेपाच-सहाच्या सुमाराला, नेमकं घरी जाताना बसमध्ये, शुगर कोसळू शकते. दुरुस्तीचा तक्ता जेवणाआधीच्या आकड्यालाच लावायचा, आणि आधीच्या बोलसला चार तास होऊन गेलेले असले पाहिजेत.

झोपतानाचा आकडाही असाच फसवतो. रात्री साडेदहाला १९० दिसले तरी तक्ता वापरू नका. जेवणाचा बोलस अजून चालू आहे, पुढे आठ तास काही खाणार नाही, आणि झोपेत शुगर उतरली तर कळायला उशीर होतो. झोपताना दुरुस्ती करायचीच असेल तर तिचा वेगळा, बराच सौम्य तक्ता डॉक्टर देतात. दिला नसेल तर काही घ्यायचं नाही.

आता वही उभी वाचा

हा भाग दवाखान्यात घाईत राहून जातो, आणि माझ्या मते खरं शिक्षण इथेच आहे.

वहीत दर दिवसाला एक आडवी ओळ आणि चार उभे रकाने करा: नाश्त्याआधी, दुपारच्या जेवणाआधी, रात्रीच्या जेवणाआधी, झोपताना. रोज आडवी ओळ लिहायची, पण वाचायची वही उभी. एका रकान्यातले तीन-चार दिवसांचे आकडे एकाखाली एक बघायचे.

कुठला रकाना कोणाबद्दल बोलतो, ते ठरलेलं आहे. दुपारच्या जेवणाआधीचा आकडा नाश्त्याच्या डोसबद्दल बोलतो. रात्रीच्या जेवणाआधीचा आकडा दुपारच्या डोसबद्दल. झोपतानाचा आकडा रात्रीच्या जेवणाच्या डोसबद्दल. आणि सकाळी उठल्यावरचा, नाश्त्याआधीचा आकडा बेसलबद्दल. म्हणजे दुपारी रोज शुगर जास्त येत असेल तर दुपारचा डोस वाढवून उपयोग नाही. दोष सकाळच्या डोसमध्ये आहे.

बाईंच्या वहीतले चार दिवस पाहा:

| नाश्त्याआधी | दुपारी जेवणाआधी | रात्री जेवणाआधी | झोपताना |
|---|---|---|---|
| ११८ | २१२ | १४१ | १५० |
| १२६ | १९८ | १२८ | १६२ |
| १०९ | २२४ | १३६ | १४८ |
| १२१ | २०६ | १३२ | १५५ |

पहिला रकाना ठीक, म्हणजे बेसल बरोबर. तिसरा आणि चौथा ठीक. दुसरा मात्र चारही दिवस वर. त्या रोज दुपारी एक-दोन युनिट जास्त घेऊन शुगर खाली आणतायत, आणि संध्याकाळचा आकडा चांगला येतोय म्हणून काही बिघडलंय असं त्यांना वाटतही नाही. पण सकाळी आठ ते दुपारी दीड, म्हणजे शिकवण्याचे सगळे तास, शुगर चढलेली असते. एखाद्या जेवणाला दुरुस्ती रोजच लागत असेल, तर मूळ डोस बदलायची वेळ झाली आहे असं समजा.

डोस वाढवण्याआधी डॉक्टरांनी विचारलं, "मधल्या सुट्टीत काय घेता?" अकराच्या सुमाराला स्टाफरूममध्ये चहा आणि दोन बिस्किटं, रोज. त्याला इन्सुलिन नव्हतंच. साडेसातचा बोलस अकराला ओसरत आलेला असतो, आणि साखरेचा चहा मोकाट सुटतो. म्हणून तीन दिवस प्रयोग केला: चहा बिनसाखरेचा, बिस्किटं बंद, बाकी सगळं तेच. दुपारचे आकडे आले १८८, १९४, १८२. थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही. चहाचा दोष थोडा, डोसचा जास्त.

मग नाश्त्याचा डोस सहावरून सात केला. एकाच वेळी फक्त एकच डोस बदलायचा, एक युनिटने किंवा मोठा डोस असेल तर दहा टक्क्यांच्या आसपास, आणि तीन-चार दिवस थांबून बघायचं. दोन डोस एकदम बदलले तर कशाने काय झालं ते कळत नाही.

पुढच्या चार दिवसांत दुपारचे आकडे: १४६, १५२, १०४, १३९. दुरुस्तीची गरज जवळजवळ संपली. जेवणाआधी ८० ते १३० हे सर्वसाधारण लक्ष्य धरलं तर अजून थोडं वर आहे. मग सातचे आठ करायचे का?

इथे तो १०४ पाहा. त्या दिवशी बाई मैदानावर होत्या. क्रीडा स्पर्धांची तयारी, दोन तास उभं राहणं आणि मुलांमागे धावणं. एका युनिटने त्यांची शुगर ५० च्या आसपास उतरते. आठ युनिट असते तर तोच १०४ पंचावन्नच्या घरात गेला असता, आणि तोही मुलांच्या गर्दीत. डोस वाढवताना सरासरी बघायची नाही, रकान्यातला सर्वांत छोटा आकडा बघायचा. तो आणखी एक युनिट सोसू शकत असेल तरच वाढवायचं. बाईंचा डोस सातवरच ठेवला, आणि मैदानाच्या दिवशी सहा घ्यायचे असं ठरलं. १४५ च्या दुपारीने फारसं बिघडत नाही.

कमी करताना मात्र तीन दिवस थांबायचं नसतं. एखाद्या रकान्यात ७० च्या खाली आकडा आला आणि त्याला कारण सापडलं नाही, म्हणजे जेवण चुकलं नव्हतं, जास्त श्रम झाले नव्हते, तर त्या आकड्याला जबाबदार असलेला डोस दुसऱ्याच दिवसापासून दहा ते वीस टक्के कमी करतात. वाढवताना सावकाश, कमी करताना तत्पर.

सकाळचा आकडा जास्त येतो तेव्हा

नाश्त्याआधी १९० आला तर नाश्त्याच्या डोसमध्ये दुरुस्ती करा, ते बरोबरच आहे. पण रोज येत असेल तर नाश्त्याचा डोस कायमचा वाढवू नका. आधी झोपतानाचा आकडा बघा. झोपताना १३० आणि सकाळी १९० असेल तर रात्रभरात शुगर चढली, प्रश्न बेसलचा. झोपतानाच १९५ आणि सकाळी १९० असेल तर बेसलने रात्रभर शुगर जिथल्या तिथे धरून ठेवली, त्याचं काम चोख आहे. मग रात्रीच्या जेवणाचा डोस, उशिरा जेवण किंवा जेवणानंतरचं दूध-फळ यात कारण शोधा. बेसल वाढवण्याआधी एक-दोन रात्री तीन वाजता उठून तपासा, असं डॉक्टर सांगतात. ते कंटाळवाणं आहे, पण रात्री शुगर उतरत असेल तर बेसल वाढवणं धोक्याचं, आणि झोपलेल्या माणसाला ते कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

आकड्यांचा मेळ बसत नसेल तर

कधी कधी रकान्यात काहीच सूत्र दिसत नाही. आज ९०, उद्या २६०, परवा १३०, आणि जेवण तेच. अशा वेळी डोसला हात लावू नका, आधी टोचण्याच्या जागा चाचपा. पोटावर रोज त्याच दोन बोटांच्या जागी टोचत राहिलं की कातडीखाली मऊ गाठ तयार होते. तिथे टोचलेलं दुखत नाही, म्हणून माणूस तिथेच टोचतो. पण तिथून इन्सुलिन कधी झरझर शोषलं जातं, कधी अडकून राहतं. जागा बदलल्यावर तेच युनिट एकदम जास्त लागू पडतात, त्यामुळे गाठ सोडताना डोस कमी करावा लागेल का, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

दुसरी गोष्ट सिरिंजची. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुधा ४० च्या ताकदीचं असतं आणि पेनमधलं १०० च्या. ४० च्या कुपीला लाल टोपणाची सिरिंज, १०० च्या कुपीला केशरी. पेन बिघडलं म्हणून पेनच्या काडतुसातून लाल टोपणाच्या सिरिंजने ओढलं, तर सहा म्हणून पंधरा युनिट जातात. एक-एक युनिटची सगळी मेहनत तिथे वाहून जाते, आणि माणूस हॉस्पिटलात.

मग इन्सुलिन कसं ठेवलंय ते. चालू असलेलं पेन बाहेर, थंड जागी, साधारण चार आठवडे चालतं. विदर्भातल्या मे महिन्यात मात्र स्वयंपाकघराचं फडताळ थंड जागा नसते. न उघडलेलं फ्रिजमध्ये, पण फ्रीझरला चिकटून नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून साधं दिसलं तरी टाकून द्यायचं.

तक्ता बाजूला ठेवायचे प्रसंग

जेवणाआधी आकडा ३०० च्या वर आहे, किंवा मीटरवर `HI` दिसतंय, तर हात धुऊन पुन्हा तपासा. तरी तेवढाच असेल तर आधी बेसल चुकलं का, पेन रिकामं होतं का, ताप आहे का, हे बघा आणि डॉक्टरांना फोन करा. टाइप १ असेल तर आकडा २५० च्या वर आला की लघवीतले किंवा रक्तातले कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडल्यावर शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारी आम्लं, तपासा. त्याची पट्टी औषधांच्या दुकानात मिळते, घरात असू द्या. कीटोन असतील, उलट्या होत असतील, पोट दुखत असेल किंवा श्वास खोल आणि भराभर चालला असेल, तर घरी दुरुस्तीचे डोस घेत बसायचं नाही, हॉस्पिटल गाठायचं. आणि काही खाता येत नाही म्हणून बेसल बंद करायचं नाही. आजारपणात शरीराला इन्सुलिन बहुधा जास्तच लागतं.

पुढच्या भेटीला जाताना कमीत कमी दोन आठवड्यांची वही न्या. आकडे, घेतलेले युनिट "६+२" अशा पद्धतीने, जेवणाची वेळ, आणि वेगळं काही घडलं असेल तर समोर दोन शब्द: लग्नाचं जेवण, मैदान, ताप, पाळी. डॉक्टरांनी नुसती मीटरची मेमरी बघितली तर १०४ दिसेल, मैदान दिसणार नाही.